ॲम्ब्युलन्स येईपर्यंतची सतरा मिनिटं

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. नंदुरबारचं लग्न आटोपून आम्ही सुरतला परतत होतो. गाडी भाचा चालवत होता, मी शेजारी. नवापूर, सोनगढ, व्यारा मागे पडलं, बाजीपुराही गेलं. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. बारडोलीकडच्या या पट्ट्यात त्या दिवसांत उसाच्या ट्रॉल्या रात्रंदिवस चालू असतात, आणि निम्म्यांना मागे लाल दिवाही नसतो हे आपल्यापैकी खानदेशात ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अशीच एक ट्रॉली डाव्या बाजूला, अर्धी रस्त्यावर उभी होती. तिच्यावर मागून एक मोटरसायकल आदळली होती. दोन मुलं रस्त्यात पडली होती आणि भोवती दहा-बारा माणसं.

भाच्यानं करकचून ब्रेक मारला. गाडी नेमकी त्या गर्दीच्या मागे, चालू लेनमध्ये थांबली आणि त्यानं आपल्या बाजूचं दार उघडायला हात घातला. त्या बाजूनं ट्रक सुसाट जात होते. मी त्याचा दंड धरला. "आधी गाडी पुढे घे."

सचिनच्या ज्या मिलमध्ये मी काम करतो, तिथे प्रथमोपचार येणाऱ्यांच्या यादीत माझं नाव आहे. त्यामुळे वर्षातून एकदा उजळणी होते. तिथे पहिली गोष्ट हीच शिकवतात की मदतीला गेलेला माणूस दुसरा जखमी होता कामा नये. अपघाताच्या मागे अंधारात थांबलेली गाडी म्हणजे येणाऱ्या ट्रकसाठी आणखी एक बिनदिव्याची ट्रॉली. म्हणून गाडी अपघाताच्या पुढे नेऊन रस्त्याच्या खाली कच्च्यावर घेतली, चारी इंडिकेटर एकदम लावले आणि डाव्या दारानं उतरलो.

डिकीत कंपनीनं दिलेला लाल त्रिकोण असतो. आमचा प्लास्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा होता, एकदाही न उघडलेला. तुमचाही तसाच असेल. तो कुठे ठेवायचा याचा हिशेब सोपा आहे. ताशी ऐंशीच्या वेगानं येणारी गाडी सेकंदाला बावीस मीटर कापते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो आणि मग गाडी थांबायला आणखी पस्तीसेक मीटर लागतात, म्हणजे साठ मीटरच्या आसपास. भरलेल्या ट्रकला त्याहून जास्त. त्रिकोण दहा पावलांवर ठेवला तर तो दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. मी भाच्याला सांगितलं, "दीडशे पावलं मागे जा. रस्त्याच्या खालून चाल, गाड्यांकडे तोंड करून. त्रिकोण छातीसमोर धर आणि मोबाईलची बॅटरी चालू ठेव." तो म्हणाला, "मामा, पण ती मुलं..." मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच सांगतोय."

गर्दीत शिरताना मी विचारलं, १०८ ला फोन कोणी केला? उत्तर आलं, "कोईए कर्यो हशे." कोणीतरी केला असेल! दोघं-तिघं मोबाईलवर शूटिंग करत होते, फोन मात्र कोणीच केला नव्हता. प्रत्येकाला दुसऱ्यानं केला असेल असं वाटत होतं. तेव्हापासून मी अशा ठिकाणी हवेत प्रश्न विचारत नाही. स्वतः फोन लावतो, नाहीतर एकाकडे बोट दाखवून "लाल शर्टवाले भाऊ, तुम्ही लावा आणि मला सांगा" म्हणतो.

फोनवर सगळ्यात जास्त वेळ जातो तो जागा सांगण्यात. गुजरातमध्ये १०८ लावला की तो अहमदाबादजवळच्या केंद्रात उचलला जातो. तिथे बसलेल्या मुलीला "बाजीपुराच्या पुढे, ढाब्याजवळ" यातून काय कळणार? आधी रस्ता सांगायचा: राष्ट्रीय महामार्ग ५३, व्याऱ्याकडून बारडोलीकडे जाणारी बाजू. दुभाजक असलेल्या रस्त्यावर बाजू चुकली तर ॲम्ब्युलन्सला पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून यावं लागतं. मग किलोमीटरच्या दगडावरचा आकडा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग. दगड दिसत नसेल तर मोबाईलच्या नकाशात आपल्या जागेवर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश येतात, तेच वाचून दाखवायचे. त्यानंतर जखमी किती, कोणी गाडीत अडकलंय का, शुद्धीवर आहेत का, श्वास चालू आहे का. पलीकडून "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही. नवापूरच्या आसपास असाल तर राज्यही आवर्जून सांगा, कारण १०८ दोन्हीकडे आहे आणि सीमेवर मोबाईल कोणत्या राज्याचा टॉवर पकडेल याचा नेम नसतो. पोलिसांसाठी ११२, आणि राष्ट्रीय महामार्गावर रस्त्याच्या मदतीसाठी १०३३.

हे सगळं व्हायला दोन-अडीच मिनिटं लागली. आता मुलांकडे.

एक जण मांडी धरून जीव तोडून ओरडत होता आणि सगळी गर्दी त्याच्याभोवती होती. दुसरा चार हातांवर हेल्मेटसकट उताणा, गप्प पडला होता. ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे हे त्याचं ओरडणंच सांगतं. आधी बघायचं ते गप्प असलेल्याकडे. पण ओरडणाऱ्याच्या मांडीखाली रक्ताचं थारोळं झालं होतं, तेही सोडून चालणार नव्हतं. म्हणून काम वाटून दिलं.

ट्रॅक्टरचा चालक बाजूला थरथरत उभा होता. पळून जायच्या बेतात होता, असं मला वाटलं. लग्नात आहेरात मिळालेला टॉवेल माझ्या खांद्यावरच होता. तो घडी करून त्याच्या हातात दिला आणि म्हटलं, "इथे दाब. दोन्ही तळव्यांनी, अंगाचा भार टाकून. उचलून बघू नकोस." रक्त थांबलं का ते पाहायला कापड दर मिनिटाला उचलतात, तिथेच चूक होते. साकळायला लागलेलं रक्त त्याबरोबर निघून येतं. किमान दहा मिनिटं हात हलवायचा नाही. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. जखमेत काच किंवा सळई घुसली असेल तर ती ओढायची नाही, तिच्या दोन्ही बाजूंनी दाबायचं. हातापायाचं रक्त एवढं करूनही थांबत नसेल तरच जखमेच्या वर चार बोटांवर, सांध्यावर नव्हे, रुंद कापड बांधून त्यात काठी घालून पिळायचं आणि किती वाजता बांधलं ते लिहून ठेवायचं. दोरी किंवा वायर वापरायची नाही, ती मांसात रुतते. त्या रात्री टॉवेल पुरला.

दुसऱ्या मुलाच्या हेल्मेटची काच वर केली. हाक मारली, उत्तर नाही. गाल नाकाजवळ नेऊन दहा सेकंद छातीकडे बघत राहिलो. छाती हलत होती, पण घशातून घर्रघर्र आवाज येत होता. आत रक्त साचत होतं. उताण्या बेशुद्ध माणसाचा जीव बऱ्याचदा असाच जातो, मोठी जखम नसतानाही. मान मोडली असेल ही भीती खरी आहे, पण श्वास कोंडला तर मानेचा विचार करायला माणूसच उरत नाही. म्हणून मी हेल्मेटसकट डोकं दोन्ही हातांनी धरलं, एकानं खांदा धरला, एकानं कंबर, आणि "एक, दोन, तीन" म्हणून ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकदम कुशीवर घेतलं. तोंडातून रक्त बाहेर पडलं आणि आवाज थांबला. मग ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी ते डोकं सोडलं नाही.

हेल्मेट काढलं नाही. तोंड मोकळं होतंय, श्वास चालू आहे, तोवर त्याला हात लावायचा नाही. श्वास बंद असेल तर मात्र काढावंच लागतं, तेही दोघांनी: एकानं खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्यानं बाजू फाकवत सरळ ओढायचं. आणि मग छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून दाब, मिनिटाला शंभर ते एकशेवीस, पाच-सहा सेंटीमीटर खोल. मधूनच आचके देत घेतलेला श्वास हा श्वास धरायचा नाही.

एव्हाना एक टेम्पोवाला थांबला होता. "टाका मागे, दहा मिनिटांत बारडोली," म्हणाला. कोणी पाण्याची बाटली पुढे करत होतं. दोघांचाही हेतू चांगला, पण मी दोघांनाही नको म्हटलं. बेशुद्धाला पाजलेलं पाणी फुप्फुसात जातं आणि शुद्धीवरच्याला ऑपरेशन लागलं तर भरलं पोट भूल देताना नडतं. हातपाय धरून उचलून टेम्पोत टाकताना मोडलेलं हाड आत फिरतं आणि घसा धरून बसायलाही कोणी नसतं. आग लागली असेल किंवा ॲम्ब्युलन्स येणारच नाही असं फोनवर सांगितलं तर गोष्ट वेगळी. तेव्हा फळीवर, निदान जाड चादरीवर चौघांनी सरळ ठेवून न्यायचं. मी पुन्हा १०८ लावून विचारलं, गाडी निघालेली होती. थांबलो. दोघांच्या अंगावर लग्नातल्या शाली घातल्या, कारण रक्त गेलेलं अंग लवकर गार पडतं.

गर्दीतले बरेच जण दुरून बघत होते, त्याचं कारण एकजण पुटपुटलाच, "पोलीसनुं लफरुं." ही भीती आपल्या घरांतही आहे, म्हणून सांगतो. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल किंवा मृत्यूबद्दल खटला होत नाही. नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. दवाखाना तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही.

ज्याची गाडी अपघातात सापडली, त्याचं मात्र तसं नाही. कलम १३४ प्रमाणे जखमीला उपचार मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, उशिरात उशिरा २४ तासांत. जमाव अंगावर आला तर तिथे थांबण्याची सक्ती कायदाही करत नाही, पण मग घरी न जाता सरळ पोलीस ठाणं गाठायचं. ट्रॅक्टरवाल्याला मी हेच सांगितलं. तो दाबून बसला, तसाच बसून राहिला.

सतरा मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. त्यातल्या माणसानं आधी विचारलं, किती वाजता झालं, हा मध्ये शुद्धीवर आला होता का, रक्त साधारण किती गेलं. मला अपघाताची वेळ सांगता आली नाही, आम्ही पोचल्याची सांगितली. पुढच्या महिन्यात त्याच ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा मालकानं ओळखलं. मांडीवाला मुलगा कुबड्या घेऊन हिंडू लागलाय आणि दुसऱ्याला सुरतला हलवलं होतं, तोही बोलतोय, असं म्हणाला.

त्या रात्री ॲम्ब्युलन्स गेली तशी गर्दी पांगली. भाचा त्रिकोण उचलून आणायला निघाला, तेव्हा त्याला पुन्हा थांबवावं लागलं. ट्रॉली अजून तिथेच, अर्धी रस्त्यावर उभी होती. पोलीस येऊन ती बाजूला काढेपर्यंत, म्हणजे आणखी चाळीस मिनिटं, आम्ही रस्त्याच्या खाली उभे राहून येणाऱ्या गाड्यांना बॅटरी दाखवत होतो.