आत्मसन्मान एक की दोन?

मॉरिस रोझेनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये आत्मसन्मान मोजणारी दहा विधानांची चाचणी प्रसिद्ध केली. त्यातली पाच विधाने स्वतःविषयी चांगले बोलणारी, तर पाच स्वतःला कमी लेखणारी. कमी लेखणाऱ्या विधानांचे गुण उलटे धरून सगळ्यांची बेरीज करायची. पण दहाही विधाने एकच गोष्ट मोजत असतील, तरच या बेरजेला अर्थ आहे. ते पाहण्यासाठी चाचणीकार फॅक्टर अ‍ॅनालिसिस करतात.

कोणती उत्तरे जोडीने बदलतात हे पाहून त्यामागचे समान सूत्र, म्हणजे फॅक्टर, शोधला जातो. एखादे विधान त्या फॅक्टरशी किती बांधलेले आहे, हे त्याचे लोडिंग सांगते. लोडिंग ०.७ असेल तर त्याचा वर्ग ०.४९, म्हणजे त्या विधानाला माणसामाणसांनी दिलेल्या उत्तरांतला जवळपास निम्मा फरक या फॅक्टरमुळे उलगडतो. दहाही विधानांच्या लोडिंगचे असे वर्ग काढून बेरीज केली की त्या फॅक्टरची आयगेन व्हॅल्यू मिळते. प्रत्येक विधानाचा वाटा १ धरला, तर सगळ्या आयगेन व्हॅल्यूंची बेरीज १० होते. समजा पहिली ४ आली, तर एकूण फरकाचा ४० टक्के हिस्सा एकट्या पहिल्या फॅक्टरचा.

मग किती फॅक्टर ठेवायचे? आयगेन व्हॅल्यू १ पेक्षा जास्त असलेले सगळे ठेवा, हा कायझरचा नियम अजूनही सर्रास वापरला जातो. तो डोळे झाकून वापरणे मला धोक्याचे वाटते. एकमेकींशी काहीच संबंध नसलेल्या दहा प्रश्नांची उत्तरे घेतली, तरी निव्वळ योगायोगाने निम्म्याच्या आसपास आयगेन व्हॅल्यू १ च्या वर जातात. म्हणून जॉन हॉर्न यांनी १९६५ मध्येच वेगळी कसोटी सुचवली: तितक्याच माणसांची, तितक्याच प्रश्नांची यादृच्छिक उत्तरे संगणकावर पुन्हापुन्हा तयार करा आणि त्यांच्यापेक्षा मोठे ठरणारेच फॅक्टर ठेवा. याला पॅरलल अ‍ॅनालिसिस म्हणतात.

रोझेनबर्गच्या चाचणीत मात्र खरी अडचण याच्या पुढची आहे. तिथे अनेकदा दोन फॅक्टर निघतात: एकावर चांगले बोलणारी विधाने, दुसऱ्यावर कमी लेखणारी. दुसरा फॅक्टर योगायोगाचा नसतो, त्यामुळे हॉर्नच्या कसोटीतूनही तो पार होऊ शकतो. पण काही जण कशालाही ‘हो’ म्हणतात, काही जण नकार नीट वाचत नाहीत. एवढ्यानेही उत्तरांचे असे दोन गट पडू शकतात.

कार्माइन्स आणि झेलर या संशोधकांनी मग चाचणीच्या बाहेर पाहिले. आर्थिक-सामाजिक स्थितीपासून राजकीय मतांपर्यंत १६ गोष्टींशी त्यांनी दोन्ही फॅक्टर ताडून पाहिले. दोघांचे संबंध जवळजवळ सारखेच निघाले, म्हणून त्यांनी आत्मसन्मान एकच मानला. पुढच्या काही अभ्यासकांना हे पटलेले नाही. पण ज्यांना दोन वेगळे गुण द्यायचे आहेत त्यांनी अशी एखादी गोष्ट दाखवायला हवी, जिच्याशी एका फॅक्टरचा संबंध आहे आणि दुसऱ्याचा नाही.