चिठ्ठीचा फोटो आणि अंदाजाची गोळी

मैत्रिणींनो, सोलापुरात डॉक्टरांना दाखवायचं, एसटी पकडून मोहोळला नाहीतर अक्कलकोटला परतायचं आणि औषधं गावातल्या दुकानातून घ्यायची, ही आपल्याकडची नेहमीची रीत. दुकानदार म्हणतो, ‘अक्षर लागत नाही.’ मग चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो निघतो आणि नर्सचं काम करणाऱ्या भाचीकडे, शिकलेल्या जावेकडे जातो. बचत गटाच्या कामामुळे असे फोटो माझ्याकडेही येतात. ‘ताई, बघा ना काय लिहिलंय!’ नाव ओळखून दिलं की मदत झाली, असं आपल्याला वाटतं. पण हा अंदाज किती महागात पडतो, ते इंग्लंडमधल्या एका खटल्यात दिसलं.

दम्याच्या एका रुग्णाच्या छातीत जंतुसंसर्ग झाला होता. डॉक्टरांनी ‘अॅमॉक्सिल’ हे अँटिबायोटिक लिहून दिलं. अक्षर असं, की औषध दुकानदाराने ते ‘डाओनिल’ वाचलं. डाओनिल ही मधुमेहाची, रक्तातली साखर उतरवणारी गोळी. या माणसाला मधुमेह नव्हताच. त्याची साखर इतकी खाली गेली की मेंदूला कायमची इजा झाली. 1989 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने निकाल कायम केला. दोष डॉक्टरांचा 25 टक्के आणि दुकानदाराचा 75 टक्के!

खराब अक्षर डॉक्टरांचं, मग दुकानदाराचा दोष जास्त का? कारण चिठ्ठीतच खुणा होत्या. गोळी 250 मिलिग्रॅमची लिहिली होती, डाओनिल मात्र 5 मिलिग्रॅमची असते. दिवसातून तीनदा घ्यायला सांगितली होती, डाओनिल सहसा एकदाच घेतात. शिवाय गोळ्या होत्या अवघ्या 21, म्हणजे आठवड्याच्या. मधुमेहाचं औषध कुणी आठवडाभरापुरतं देतं का? दुकानदाराने इथे थांबून डॉक्टरांना फोन करायला हवा होता.

आता नीट लक्षात घ्या बरं का! या खुणांवरून ‘हे डाओनिल नसावं’ एवढंच कळतं. ‘मग कोणतं?’ याचं उत्तर त्या देत नाहीत. आजार माहीत असला तरी नाव ठरत नाही, कारण खोकल्याच्या चिठ्ठीतच बीपीची किंवा पित्ताची गोळीही असू शकते. त्यात फोटोमध्ये घडी, सावली येते आणि आकड्यांमधला टिंब पुसट होतो. 2.5 चे 25 दिसले तर डोस दहापट झाला. म्हणून खुणा वापरायच्या त्या शंका घेण्यासाठी, नाव ठरवण्यासाठी नव्हे.

मग फोटो आला तर काय सांगायचं? जे स्वच्छ दिसतं तेच. रुग्णाचं नाव, तारीख, वर छापलेला दवाखान्याचा फोन नंबर. ‘1-0-1’ स्पष्ट असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हेही सांगता येतं. नावाबद्दल मात्र ‘हे मला लागत नाही, दवाखान्यात विचारा,’ एवढंच म्हणायचं. ‘बहुतेक अमुक असेल’ हे तर बोलूच नये. पलीकडे पोचेपर्यंत त्यातलं ‘बहुतेक’ गळून जातं!

दवाखान्यात फोन लावाल तेव्हा नावाचं एकेक इंग्रजी अक्षर सांगायला लावा आणि ते लिहून घ्या. गोळी किती मिलिग्रॅमची, कशासाठी, किती वेळा आणि किती दिवस, हेही विचारा. लिहिलेलं परत वाचून दाखवा. मग दुकानात पाकिटावरचं नाव आणि आकडा त्याच्याशी ताडून बघा. आधीची कोणती औषधं चालू आहेत आणि कशाची अॅलर्जी आहे, तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

चुकीची गोळी पोटात गेल्याची शंका आली तर वाट बघू नका. पाकीट आणि चिठ्ठी घेऊन लगेच दवाखाना गाठा. साखर उतरली की दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

आणि खरी वेळ आहे ती डॉक्टरांसमोरून उठण्याआधीची. औषधाचं मूळ नाव सुवाच्य आणि शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, अशी दुरुस्ती डॉक्टरांच्या नियमांत 2016 मध्येच झाली आहे. तेव्हा ‘डॉक्टरसाहेब, नावं जरा मोठ्या अक्षरांत लिहून देता का? गावाकडे औषध घ्यायचंय,’ असं खुशाल म्हणा.