टार्गेटचा टक्का आणि जिल्ह्याचा पाऊस

२०२५ साली घटस्थापना २२ सप्टेंबरला आली आणि नेमका त्याच दिवशी ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरला. करासह आठ लाखांना मिळणारा ट्रॅक्टर, मूळ किंमत तीच राहिली तर, साडेसात लाखांवर आला. कपातीची घोषणा ३ सप्टेंबरलाच झाली होती. त्यामुळे ज्याला घाई नव्हती तो शेतकरी मधले तीन आठवडे थांबणार, हे उघडच होतं. अशा महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात विक्री थंडावली म्हणून कोणी प्रतिनिधी कमी ठरत नाही आणि दसरा-दिवाळीत टार्गेट पार केलं म्हणून कोणी हुशारही ठरत नाही. तरीही बढती, इन्सेंटिव्ह आणि बदली बहुतेक वेळा एकाच आकड्यावर ठरते : टार्गेटच्या किती टक्के विक्री झाली?

हा आकडा म्हणजे एक भागाकार. वर झालेली विक्री, खाली टार्गेट. वरच्या आकड्याची चौकशी सगळे करतात. खालचा आकडा कसा आला, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. बऱ्याचदा तो गेल्या वर्षीच्या विक्रीवर सरसकट दहा-पंधरा टक्के चढवून काढलेला असतो. म्हणजे कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्याला आणि पावसाच्या भरवशावर सोयाबीन पेरणाऱ्या धाराशिवला एकच वाढ लावलेली असते.

एक हिशेब मांडून पाहू. आकडे काल्पनिक आहेत, पण रीत खरी आहे. समजा, एका कंपनीने गेल्या वर्षी सांगलीत ४०० आणि धाराशिवमध्ये २७० ट्रॅक्टर विकले. यंदा दोन्हीकडे दहा टक्के वाढवून ४४० आणि २९७ असं टार्गेट दिलं. वर्षअखेरीस सांगलीत ४५० ट्रॅक्टर गेले, धाराशिवमध्ये २४०. सांगलीचा मॅनेजर १०२ टक्क्यांवर, धाराशिवचा ८१ टक्क्यांवर. रिव्ह्यूच्या बैठकीत कोणाला उभं केलं जाईल, हे सांगायला नको.

आता त्या जिल्ह्यांत सगळ्या कंपन्यांचे मिळून किती ट्रॅक्टर खपले ते पाहायचं. ही माहिती गुपित नाही. परिवहन खात्याच्या ‘वाहन’ प्रणालीत नोंदणीचे आकडे आरटीओनुसार मिळतात. सांगली म्हणजे एमएच-१०, धाराशिव म्हणजे एमएच-२५. समजा, सांगलीचा एकूण बाजार २,००० वरून २,४०० वर गेला आणि पावसाने दगा दिल्याने धाराशिवचा १,५०० वरून १,०५० वर घसरला. गेल्या वर्षी कंपनीचा वाटा सांगलीत २० टक्के होता, धाराशिवमध्ये १८. तोच वाटा टिकवला असता तर यंदा सांगलीत ४८० ट्रॅक्टर जायला हवे होते, धाराशिवमध्ये फक्त १८९. या मापाने सांगलीची कामगिरी ९४ टक्के भरते आणि धाराशिवची १२७ टक्के. सांगलीच्या माणसाने चढत्या बाजारात आपला वाटा गमावला. धाराशिवच्या माणसाने पडत्या बाजारात दुसऱ्यांचा वाटा खेचून आणला.

यावर सांगलीचा मॅनेजर दुसरा आकडा पुढे करील : कन्व्हर्जन. म्हणजे आलेल्या चौकशांपैकी किती डिलिव्हरीपर्यंत पोहोचल्या. त्याच्याकडे १,५०० चौकशांतून ४५० ट्रॅक्टर गेले, म्हणजे ३० टक्के. धाराशिवमध्ये १,२०० चौकशांतून २४०, म्हणजे २० टक्के. सौदा पक्का करण्यात आपणच सरस, असं तो म्हणेल.

इथे चौकशी कोणाची, हे पाहावं लागतं. एक गिऱ्हाईक जुना ट्रॅक्टर एक्स्चेंजला घेऊन येतं. त्याला मॉडेल ठाऊक असतं आणि आधीच्या कर्जाचे हप्ते फेडलेले असल्याने नवं कर्ज लवकर मंजूर होतं. दुसरं गिऱ्हाईक आयुष्यातला पहिला ट्रॅक्टर घेत असतं. त्याच्या शेतात डेमो द्यावा लागतो, सातबारा आणि बँकेची कागदपत्रं जमवावी लागतात, आणि पाऊस लांबला की सगळंच लांबतं. समजा, सांगलीच्या चौकशांत १,२०० एक्स्चेंजवाले आणि ३०० नवे होते. पहिल्यांपैकी ४२० जणांनी खरेदी केली, दुसऱ्यांपैकी ३० जणांनी : ३५ टक्के आणि १० टक्के. धाराशिवमध्ये एक्स्चेंजवाले ३०० आणि नवे ९००. दोन्हींतून प्रत्येकी १२० ट्रॅक्टर गेले : ४० टक्के आणि सुमारे १३ टक्के.

दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांत धाराशिव पुढे आहे, पण एकूण बेरजेत मागे! हा गणिताचा चुकारपणा नाही. अवघड गिऱ्हाइकांचं प्रमाण तिथे जास्त आहे, एवढंच. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड सिम्पसन यांनी १९५१ मध्ये या कोड्यावर लिहिलं आणि त्याला त्यांचंच नाव पडलं. उपाय सोपा आहे. सांगलीचे दर धाराशिवच्या चौकशांना लावायचे. ३०० चे ३५ टक्के आणि ९०० चे १० टक्के मिळून १९५ ट्रॅक्टर होतात. धाराशिवने २४० विकले.

कन्व्हर्जनमध्ये आणखी एक पळवाट असते. सौदा जमेल अशी खात्री पटेपर्यंत चौकशी रजिस्टरमध्ये नोंदवायचीच नाही. खालचा आकडा लहान राहिला की टक्का आपोआप फुगतो. ही लबाडी तारखांत सापडते. डेमो, कर्ज, कागदपत्रं यांत साधारणपणे वेळ जातो. एखाद्याच्या बहुतेक डिलिव्हऱ्या चौकशी नोंदवल्यापासून दोन-तीन दिवसांत झालेल्या दिसल्या, तर चौकशा मागाहून भरल्या असाव्यात. हुकलेल्या गिऱ्हाइकांची नोंदच नसणं ही दुसरी खूण.

विक्रीच्या आकड्यातही असंच घडतं. महिनाअखेरीस डीलरच्या नावावर बिलिंग करून ट्रॅक्टर त्याच्या आवारात उभे केले, तर कंपनीच्या वहीत ती विक्री दिसते. शेतकऱ्याच्या दारात मात्र काहीच पोहोचलेलं नसतं. म्हणून मोजायचं ते बिलिंग नव्हे, डिलिव्हरी.

बाजाराच्या वाट्याचं मापही निर्दोष नाही. धाराशिवचा शेतकरी बार्शीच्या शोरूममध्ये खरेदी करून आपल्या पत्त्यावर एमएच-२५ ची नोंदणी करतो. कंपनीच्या वहीत ती विक्री सोलापूर जिल्ह्यातल्या डीलरची, सरकारी आकड्यात धाराशिवची. मार्चअखेरच्या डिलिव्हऱ्यांची नोंदणी एप्रिलमध्ये जाते, त्यामुळे एका महिन्यापेक्षा तिमाहीची सरासरी बरी. जिल्हाही एकसारखा नसतो. सांगलीत वाळव्याचा ऊस येतो, तासगावची द्राक्षबाग येते आणि जतचं अवर्षणग्रस्त रानही येतं. शिवाय लहान तालुक्यात वर्षाला चाळीसच ट्रॅक्टर खपत असतील, तर दोन-चार सौद्यांनी वाटा पाच-दहा टक्क्यांनी इकडचा तिकडे होतो. तिथे त्या आकड्यावर कोणाचा इन्सेंटिव्ह कापणं अन्यायाचं आहे.

धाराशिवच्या मॅनेजरला १२७ टक्के दिले, तरी कंपनीच्या गल्ल्यात पैसे २४० ट्रॅक्टरचेच येतात. पुढच्या हंगामात किती माल पाठवायचा, डीलरला किती उधारी द्यायची, हे त्या २४० वरच ठरायला हवं. माणसाचं मूल्यमापन तेवढं १८९ शी तुलना करून व्हावं. हे दोन आकडे वेगळे ठेवले, तर बैठकीत सांगलीलाही काही नेमके प्रश्न विचारता येतात : जे ३० ट्रॅक्टर हातचे गेले ते कोणत्या तालुक्यात गेले, कोणत्या अश्वशक्तीच्या गटात गेले, आणि नव्या गिऱ्हाइकांच्या अवघ्या ३०० चौकशा आल्या त्या बाजार तसा होता म्हणून, की त्या वस्त्यांवर कोणी डेमो घेऊन गेलंच नाही म्हणून?