प्रोटीन बार घ्यावा की फुटाणे?

प्रोटीन बार हातात घेतला, की वेष्टनाची मागची बाजू आधी वाचा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. त्यात खजूर, साखर किंवा ग्लुकोज सिरप पहिल्या दोन-तीन नावांत आले, तर तो बार मुख्यतः गोड खाऊच आहे. ‘साखरविरहित’ बारमध्ये बरेचदा माल्टिटॉल असते. ते जास्त पोटात गेले, की गॅस होतो, जुलाबही लागतात.

मग पोषणाचा तक्ता पाहा. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका बारचे? १०० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम प्रथिने लिहिली असतील आणि बार ४० ग्रॅमचा असेल, तर पदरात १० ग्रॅमच पडतात. तेवढी प्रथिने साधारण ५० ग्रॅम फुटाण्यांतही मिळतात, शिवाय भरपूर तंतू मिळतात आणि खर्च बारपेक्षा कितीतरी कमी येतो. फुटाण्यांच्या प्रथिनांत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असते. दिवसभरात भाकरी, पोळी किंवा भात खाल्ला, की ती उणीव भरून निघते.

तयार शेकची गरज वेगळ्या ठिकाणी असते. शस्त्रक्रियेनंतर चावता येत नसेल, म्हातारपणी दोन घासांतच पोट भरत असेल, तर थोडक्यात जास्त पोषण देणारा शेक उपयोगी पडतो. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नये.