प्राध्यापकांना भेटायचं, पण वेळ ठरवून

‘काही शंका असतील तर बुधवारी दुपारी येऊन भेटा,’ असं वर्गात सांगितलं की पहिले दोन आठवडे कोणीच फिरकत नाही. परीक्षा जवळ आली, की त्याच बुधवारी स्टाफरूमबाहेर रांग लागते. जो आधी आत शिरतो तो अर्धा तास घेतो, बाकीचे बस गाठायला निघून जातात. यावर उपाय म्हणजे भेटीच्या वेळेचे ठरावीक भाग पाडून ते आधी नोंदवायला देणं.

समजा, सांख्यिकीच्या प्राध्यापिकेकडे बुधवारी ३ ते ५ मोकळे आहेत. पंधरा मिनिटांची भेट आणि मध्ये पाच मिनिटं मोकळी ठेवली, तर सहा भेटी बसतात. ही पाच मिनिटं सोडू नयेत. एक गणित लांबलं, तर पुढच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. सहापैकी पाच वेळा नोंदणीसाठी द्याव्यात आणि ४.४०ची शेवटची वेळ न नोंदवता येणाऱ्यांसाठी राखावी. वेळ ठरवण्याआधी वेळापत्रक पाहावं. एखाद्या बॅचचं प्रॅक्टिकल दर बुधवारी दुपारीच असेल, तर त्या मुलांना कधीच येता येणार नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी एखादी वेळ काढावी लागते.

सूचना शनिवारी वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जावी आणि पुन्हा काही विचारायची गरज पडणार नाही इतकी पूर्ण असावी:

‘बुधवारी ३ ते ५, स्टाफरूममध्ये भेटता येईल. वेळा : ३.००, ३.२०, ३.४०, ४.००, ४.२०. नोंदणी सोबतच्या लिंकवर, मंगळवारी रात्री ८ पर्यंत. एका विद्यार्थ्याने आठवड्यात एकच वेळ घ्यावी. नाव, रोल नंबर आणि नेमकी अडचण लिहावी. येणं जमणार नसेल तर नोंदणी रद्द करावी. ४.४०ला नोंदणीशिवाय या.’

लिंकसाठी गूगल कॅलेंडरमध्ये भेटीच्या वेळांचं पान तयार करता येतं. एकाने घेतलेली वेळ दुसऱ्याला दिसत नाही, त्यामुळे दोघं एकाच वेळी येऊन थडकत नाहीत. तेवढी सोय नसेल, तर दारावर लावलेला तक्ताही चालतो.

विद्यार्थ्याकडून चूक होते ती ‘अडचण’ लिहिताना. ‘प्रकरण ३ समजलं नाही’ एवढंच लिहिलं, तर निम्मी भेट नेमकं काय अडलं ते शोधण्यात जाते. ‘प्रमाण विचलनाच्या चौथ्या गणितात वर्गमुळाखाली माझं उत्तर ऋण येतंय’ असं लिहिलं, तर आकडेमोडीत कुठेतरी चूक आहे हे बाईंना आधीच कळतं. वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा करताना ऋण संख्या येऊच शकत नाही. सोडवलेली वही सोबत असेल, तर चूक कुठल्या ओळीत आहे ते पाच मिनिटांत सापडतं.

पाचपैकी तिघांनी एकच गणित लिहिलं असेल, तर तिघांना ३ वाजता एकत्र बोलवावं. बाकीच्या दोन वेळा इतरांसाठी मोकळ्या झाल्याचं त्याच रात्री ग्रुपवर कळवावं.