धंदा बदलला, पाटी बदलायची का?

किराणा घरपोच देणारी ‘ग्रोफर्स’ 13 डिसेंबर 2021 रोजी ‘ब्लिंकिट’ झाली. आठ वर्षं जाहिरातींवर पैसा ओतून लोकांच्या ओठी बसवलेलं नाव कंपनीने स्वतःच खाली उतरवलं. बाहेरून पाहणाऱ्याला हा उधळेपणा वाटला असेल. मला तो हिशेब बरोबर वाटतो, आणि का ते समजायला ग्रोफर्सचा धंदा दोनदा बदलला होता हे आधी लक्षात घ्यायला हवं.

2013 साली सुरुवात झाली तेव्हा ग्रोफर्सचा माणूस आपल्याच भागातल्या दुकानातून सामान उचलून घरी आणून द्यायचा. इंग्रजीत ‘गोफर’ म्हणजे सांगकाम्या. ‘ग्रोसरी’ आणि ‘गोफर’ यांची मोट बांधून हे नाव झालं : किराणा आणून देणारा सांगकाम्या. पुढे कंपनीने स्वतःची गोदामं उभारली. आता माल गोदामातून निघू लागला आणि बहुधा दुसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर घरी पोचू लागला. दुकानात जाणारा सांगकाम्या उरला नाही, म्हणजे नावाचा मूळ अर्थच गेला. तरी नाव बदललं नाही, आणि बदलण्याचं कारणही नव्हतं. गिऱ्हाईक नावाची व्युत्पत्ती पाहत नाही. त्याच्या लेखी ग्रोफर्स म्हणजे महिन्याचा किराणा घरी येणार, आणि ते तसंच चालू होतं.

दुसरा बदल वेगळा होता. 2021च्या ऑगस्टपासून कंपनी दहा मिनिटांत सामान देण्याच्या मागे लागली. त्यासाठी शहराबाहेरचं मोठं गोदाम उपयोगाचं नाही. वस्तीतच छोटी गोदामं लागतात, जिथे गिऱ्हाईक पाय ठेवत नाही. महिन्याची यादी करणारं घर आणि चहा उकळत असताना दूध संपल्याचं लक्षात येणारं घर एकच असेल, पण त्या दोन वेळी त्याची अपेक्षा एक नसते. ‘ग्रोफर्स’ म्हटलं की डोळ्यांसमोर यायची ती उद्या येणारी पिशवी. जुनं नाव नव्या वचनाच्या आड येत होतं. शिवाय त्यात किराणा अडकलेला होता, आणि पुढे याच ॲपवर चार्जर आणि फोनही विकले गेले. ‘ब्लिंकिट’मध्ये पापणी लवण्याचा वेग आहे, जिन्नस कुठलाच नाही.

धंदा पार बदलूनही नाव टिकल्याचं उदाहरण आपल्या खानदेशात आहे. अमळनेरला 1945 साली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली. 1977 मध्ये तिने ‘विप्रो’ हे आद्याक्षरांवरून बेतलेलं नाव घेतलं, आणि काही वर्षांत ती संगणकांकडे वळली. लांबलचक नावात ‘व्हेजिटेबल’ होतं. ते घेऊन संगणक विकायला जाणं अवघडच गेलं असतं. ‘विप्रो’ या दोन अक्षरांत तूप नव्हतं आणि संगणकही नव्हता. रिकाम्या डब्यासारखं नाव होतं, त्यात काहीही भरता आलं.

एका लहानशा उद्योजकाने हाच प्रश्न केला तर मी त्याला आधी गिऱ्हाइकांचे फोन ऐकायला सांगेन. ‘तुम्ही अजून अमुकच करता ना?’ हा प्रश्न रोज येत असेल, तर नाव गिऱ्हाइकाला जुन्याच दारात नेऊन सोडतंय. जुने लोक नाव सांगून नवी सेवा बिनबोभाट मागत असतील, तर पाटीला हात लावू नये.

नाव ठेवलं तरी कागदांचं काम संपत नाही. ट्रेडमार्कची नोंदणी वर्गवार असते. खाद्यतेल 29व्या वर्गात येतं, संगणक 9व्या, आणि दुकानदारीची सेवा 35व्या. धंदा दुसऱ्या वर्गात गेला की तिथे नवा अर्ज करावा लागतो, आणि तिथे तेच नाव कुणी आधी घेतलेलं असू शकतं. ते आधी शोधायचं, मग पाट्या रंगवायच्या. पुष्कळ जण नेमकं उलट करतात. नाव सोडलं तर वेगळी काळजी : सलग पाच वर्षं न वापरलेला ट्रेडमार्क नोंदवहीतून काढून टाकावा म्हणून त्याची झळ बसणारा अर्ज करू शकतो. म्हणून जुनं नाव एखाद्या लहानशा उत्पादनावर खरोखर विकत राहणं शहाणपणाचं ठरतं.

कंपनीचं नाव आणि गिऱ्हाइकाला दिसणारं नाव एकच असायला हवं असंही नाही. ‘झोमॅटो’ने 2025 साली कंपनीचं नाव ‘इटर्नल’ केलं. खाण्याच्या ॲपला मात्र हात लावला नाही. शेअर बाजारात इटर्नल, आणि बिर्याणी घेऊन दारात येणाऱ्याच्या टी-शर्टवर झोमॅटोच. ज्यांनी कंपनीचंच नाव बदललं त्यांना कायद्याप्रमाणे पुढची दोन वर्षं पाटीवर आणि पत्रांवर नव्या नावासोबत जुनंही लिहावं लागतं.