पैसे काढताना कोणती तारीख मोजायची?

म्युच्युअल फंडातून पैसे काढायची वेळ आली की बहुतेकांना एकच तारीख आठवते, एसआयपी सुरू केल्याची. दीड वर्ष उलटलं आहे, म्हणजे आता काही कापलं जाणार नाही, अशा हिशेबाने ते सगळी रक्कम काढून घेतात. मग खात्यात हजार-बाराशे रुपये कमी जमा झालेले दिसतात आणि फंड कंपनीने लबाडी केली असं वाटू लागतं. लबाडी झालेली नसते. फंडाच्या लेखी एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी असते आणि तिचे दिवस हप्त्याचे युनिट मिळाले त्या दिवसापासून मोजले जातात.

ठरावीक मुदतीच्या आत पैसे काढले तर त्या दिवशीच्या एनएव्हीतून जो टक्का वजा होतो, तो एक्झिट लोड. लोड असला तरी पैसे मिळतात, थोडे कमी मिळतात इतकंच. लॉक-इनमध्ये मात्र मुदत संपेपर्यंत युनिट विकताच येत नाहीत, दंड भरायची तयारी असली तरीही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये, कारण पैसे कधी काढायचे हा निर्णय लोडच्या बाबतीत आपल्या हातात असतो. लॉक-इनच्या बाबतीत तो गुंतवणूक करतानाच घेऊन टाकलेला असतो.

इक्विटी योजनांमध्ये सर्वसाधारणपणे एका वर्षाच्या आत काढल्यास 1 टक्का लोड असतो, पण प्रत्येक योजनेची पद्धत वेगळी. पराग पारिख फ्लेक्सी कॅपमध्ये अनेक वर्षांपासून 10 टक्के युनिट लोडशिवाय काढता येतात. त्यापुढच्या युनिटवर 365 दिवसांच्या आत 2 टक्के आणि 730 दिवसांपर्यंत 1 टक्का लोड लागतो. लिक्विड फंडांना सेबीने 2019 पासून सात दिवसांच्या आतला चढता-उतरता लोड लावला. पहिल्याच दिवशी काढले तर तो लाखामागे 7 रुपये होतो आणि सातव्या दिवसापासून शून्य. फंडाने मध्येच लोड वाढवला तरी तो नव्या खरेदीलाच लागतो. आपल्या जुन्या युनिटना खरेदीच्या वेळचाच नियम लागू राहतो, म्हणून आज योजनेच्या माहितीपत्रात छापलेला आकडा आपलाच असेल असं धरून चालू नये.

हा कापलेला पैसा जातो कुठे, हेही माहीत असायला हवं. 2012 मध्ये सेबीने नियम बदलला. तेव्हापासून लोडची रक्कम, त्यावरचा कर वजा करून, योजनेतच जमा होते. म्हणजे ती मागे राहिलेल्या गुंतवणूकदारांना मिळते. कोणी लवकर बाहेर पडला की त्याला पैसे देण्यासाठी फंडाला शेअर विकावे लागतात, आणि त्या व्यवहाराचा खर्च थांबलेल्यांच्या एनएव्हीवर पडतो. त्याची थोडी भरपाई लोडमधून होते. मला हा नियम न्याय्य वाटतो.

आता एक हिशेब करून पाहू. समजा, एका शिक्षिकेने जानेवारी 2024 पासून दर महिन्याच्या 10 तारखेला 10,000 रुपयांची एसआयपी चालू ठेवली आणि जून 2025 पर्यंत तिचे 18 हप्ते झाले. लोड एका वर्षापर्यंत 1 टक्का. ती 20 जून 2025 ला पैसे काढायला बसते. त्या दिवशी जानेवारी ते जून 2024 या सहाच हप्त्यांना वर्ष पूर्ण झालेलं आहे. त्या 60,000 रुपयांचे 69,000 झाले आहेत असं धरू, आणि नंतरच्या 12 हप्त्यांच्या 1,20,000 रुपयांचे 1,26,000.

तिने सगळं काढलं तर लोड 1,26,000 वर लागेल, म्हणजे 1,260 रुपये. लोड नफ्यावर लागत नाही, काढलेल्या युनिटच्या त्या दिवशीच्या पूर्ण किमतीवर लागतो. त्यामुळे 1 टक्का म्हणताना लहान वाटणारा लोड या बारा हप्त्यांच्या 6,000 रुपयांच्या नफ्यातला पाचवा हिस्सा खाऊन जातो. युनिट तोट्यात असते तरीही तो लागलाच असता. शिवाय वर्षाच्या आतला नफा अल्पकालीन ठरतो आणि त्यावर 20 टक्के कर आहे. लोड वजा जाऊन उरलेल्या 4,740 वर, सेस सोडून, 948 रुपये.

पण तिला खरी गरज 65,000 चीच असेल तर? तिने तेवढीच रक्कम मागितली तर लोड शून्य. फंड नेहमी सर्वांत जुने युनिट आधी विकतो, आणि वर्ष ओलांडलेल्या सहा हप्त्यांत 69,000 रुपये आहेत. त्यांवरचा नफा दीर्घकालीन आहे आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या अशा नफ्यावर कर नाही. तिला एक लाख हवे असते तर 69,000 या जुन्या युनिटमधून निघाले असते आणि उरलेल्या 31,000 साठी लोड 310 रुपयांच्या आसपास पडला असता. म्हणून आधी गरजेचा आकडा ठरवावा आणि अर्जात तेवढीच रक्कम लिहावी. ‘सर्व युनिट’ या पर्यायावर खूण करायची सवय फार महागात पडते.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. एसआयपी चालू असेपर्यंत शेवटच्या बारा महिन्यांतले हप्ते कायम लोडखालीच राहतात. ‘सगळा लोड सुटला की काढू’ म्हणून थांबलेल्याचा दिवस कधीच उगवत नाही. योजना रिकामी करायचीच असेल तर एसआयपी आधी बंद करावी, जुने युनिट काढून घ्यावेत आणि बाकीचे वर्ष पूर्ण होईल तसतसे काढावेत.

एकरकमी गुंतवणुकीचं गणित जरा निराळं असतं. एक लाख रुपये गुंतवले, साडेअकरा महिन्यांत त्यांचे 1,30,000 झाले. आज काढले तर लोड 1,300 आणि उरलेल्या 28,700 च्या नफ्यावर 20 टक्के म्हणजे 5,740 कर, मिळून 7,040. वर्ष ओलांडून काढले आणि त्या आर्थिक वर्षात दुसरा मोठा नफा नसला, तर दोन्ही शून्य. इथे थांबायचं खरं कारण कर आहे, लोड त्यामानाने किरकोळ. शेवटच्या पंधरा दिवसांत बाजार साडेपाच टक्क्यांहून जास्त पडला तरच थांबणारा तोट्यात जाईल. असा धोका पत्करण्यासारखा असतो, कारण समोरची बचत मोठी आणि मुदत छोटी आहे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. नफा जवळपास नसेल आणि वर्ष पूर्ण व्हायला आठ-नऊ महिने असतील, तर 1 टक्का वाचवण्यासाठी चुकीच्या योजनेत अडकून पडण्यात अर्थ नाही. इक्विटी फंडाची एनएव्ही एका दिवसातही तेवढी हलते. मुलीची फी येत्या महिन्यात भरायची आहे आणि पैसे स्मॉल कॅपमध्ये आहेत, अशा वेळी मी लोड भरून पैसे लिक्विड फंडात हलवायला सांगेन. लोड किती हे आज नक्की कळतं. पडझड किती होईल हे कोणालाच कळत नाही.

गरज तातडीची, पण वर्ष पूर्ण व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर युनिट तारण ठेवून कर्ज घेता येतं. वार्षिक साडेदहा टक्के व्याज धरलं तर लाखाचं पंधरा दिवसांचं व्याज सुमारे 430 रुपये होतं. त्यात प्रक्रिया शुल्क मिळवून मगच लोड आणि कराशी तुलना करावी, कारण छोट्या रकमेत सगळी बचत ते शुल्कच गिळतं.

एका योजनेतून त्याच कंपनीच्या दुसऱ्या योजनेत ‘स्विच’ केलं तर पैसा आपल्या खात्यात येत नाही, म्हणून अनेकांना ती विक्री वाटत नाही. पण ती विक्रीच असते. जुन्या योजनेत लोड आणि कर लागू होतात आणि नव्या योजनेत दिवस पहिल्यापासून मोजले जातात.

लॉक-इनचा सर्वांच्या परिचयाचा प्रकार म्हणजे ईएलएसएस. जुन्या करप्रणालीत दीड लाखांच्या वजावटीसाठी लोक त्यात पैसे घालतात. मुदत तीन वर्षांची, तीही प्रत्येक हप्त्याला वेगळी. एप्रिल 2022 ते मार्च 2023 असे बारा हप्ते भरलेल्याला वाटतं की एप्रिल 2025 मध्ये सगळे पैसे मोकळे होतील. त्या महिन्यात पहिलाच हप्ता मोकळा होतो, आणि शेवटच्यासाठी मार्च 2026 उजाडावा लागतो. तीन वर्षांच्या आत हे युनिट तारणही ठेवता येत नाहीत, त्यामुळे वरचा कर्जाचा मार्ग इथे बंद. गुंतवणूकदाराचा मृत्यू झाला तर वारसाला मात्र युनिट मिळाल्यापासून एक वर्षानंतर पैसे काढता येतात. हा नियम घरच्यांना सांगून ठेवावा. दवाखान्यासाठी किंवा घराच्या आगाऊ रकमेसाठी लागू शकेल असा पैसा ईएलएसएसमध्ये घालू नये, करबचत कितीही आकर्षक दिसली तरी.

मुदत संपताच ईएलएसएस विकून टाकणारे खूप आहेत. लॉक-इन सुटलं याचा अर्थ एवढाच की आता विकता येईल. पैशाची गरज नसेल आणि योजना बरी चालली असेल तर ते युनिट ठेवावेत. तीन वर्षांनंतर त्यांवर लोड नसतो आणि नफाही दीर्घकालीन असतो, म्हणजे घाई करावी असं काहीच उरत नाही. फार तर दरवर्षी सव्वा लाखाच्या मर्यादेत बसेल एवढाच नफा काढून घ्यावा.

अर्ज भरण्यापूर्वी कॅम्स किंवा केफिनटेककडून योजनेचं सविस्तर विवरणपत्र मागवावं. त्यात प्रत्येक हप्त्याचे युनिट कोणत्या तारखेला मिळाले ते दिलेलं असतं. बँकेतून पैसे वळते झालेली तारीख आणि ही तारीख यांत एक-दोन दिवसांचा फरक पडू शकतो, कारण पैसे फंडाच्या खात्यात पोचल्यावरच युनिट मिळतात. लोडसाठी 365 दिवस मोजले जातात आणि करासाठी बारा महिन्यांहून अधिक काळ लागतो. म्हणून वर्षपूर्तीच्या दिवशीच अर्ज न करता त्यानंतर दोन-तीन दिवस जाऊ द्यावेत. अर्ज दुपारी तीनच्या आत दिला तर त्याच दिवसाची एनएव्ही मिळते, तीननंतर दिला तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाची. इक्विटी फंडाचे पैसे त्यानंतर साधारण दोन कामकाजाच्या दिवसांत बँकेत जमा होतात. फी किंवा हप्ता भरायची शेवटची तारीख जवळ असेल तर मधले शनिवार-रविवार आणि बाजाराच्या सुट्ट्याही यात धराव्यात.